बाळाचा डावा डोळा सतत चिकट, अश्रूनलिका बंद आहे म्हणतात. मसाज नक्की कसा करायचा?

चिऊचीआई
लेक १० आठवड्यांची आहे. तिसऱ्या आठवड्यापासून डाव्या डोळ्यातून पाणी येतं आणि झोपून उठली की पापण्या पिवळट चिपडांनी चिकटलेल्या असतात. उजवा डोळा अगदी स्वच्छ. सुरुवातीला बालरोगतज्ज्ञांनी तो पू तपासायला पाठवला होता, त्यात काही निघालं नाही. मग अँटिबायोटिक थेंब दिले. तीन-चार दिवस डोळा छान राहिला, थेंब संपले आणि पुन्हा तेच. दुसऱ्यांदा वेगळे थेंब, पुन्हा तेच. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की अश्रूनलिका उघडलेली नाही, मसाज करा, वर्षभरात बहुतेक उघडेल. मसाज दाखवला, पण गर्दी होती, दहा सेकंदांत दाखवून झाला. मी तीन आठवडे दिवसातून चार वेळा नाकाच्या बाजूने वरून खाली बोट फिरवतेय. काडीचाही फरक नाही. रोज सकाळी तिचा डोळा उघडत नाही हे बघवत नाही. मी काय चुकतेय?

मंदार_क
आमच्या मुलाला अगदी असंच होतं. काही करू नका, डॉक्टरांच्या मागेही लागू नका. एक वर्षापर्यंत दहापैकी नऊ बाळांचं आपोआप बरं होतं. आम्ही मसाजही केला नाही, सातव्या महिन्यात आपोआप थांबलं.

सुलभाकाकू
चिऊच्या आई, घाबरू नकोस गं. आईच्या दुधाचे दोन थेंब डोळ्यात घाल सकाळ-संध्याकाळ. माझ्या दोन्ही नातवंडांना मी हेच केलं आणि दोघांचे डोळे स्वच्छ झाले. दुधात जंतू मारायची ताकद असते.

पारिजात
डोळे आलेत का बाळाचे? मग घरात सगळ्यांचे टॉवेल, उशा वेगळ्या करा. माझ्या तीन वर्षांच्या मुलीचे डोळे आले तेव्हा आठवड्यात घरातल्या चौघांचेही आले. मोठ्या भावंडाला बाळाजवळ जाऊ देऊ नका.

चिऊचीआई
@पारिजात, डोळे आलेले नाहीत, सात आठवडे झाले, घरात कुणालाच लागण नाही. एकच डोळा.
@सुलभाकाकू, दुधाचं माझ्या सासूबाईही म्हणतात, पण मनाला पटत नाहीये, घालू का खरंच?

निशिगंध
मी लहान मुलांच्या डोळ्यांच्या विभागात बरीच वर्षं काम करते आणि ही तक्रार घेऊन आलेलं बाळ दिसलं नाही असा आठवडा आठवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलंय, मी तपासलेलं नाही. त्यामुळे आधी काही गोष्टी विचारते, त्या नीट बघून सांगा.

डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे का, की लाल? पापणी सुजलेली, गरम लागते का? उजेडात नेलं की ती डोळे घट्ट मिटून तोंड फिरवते का? बुबुळ काचेसारखं स्वच्छ दिसतं की धुरकट, आणि डावं बुबुळ उजव्यापेक्षा मोठं वाटतं का? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाला लागून, काही फुगवटा आहे का? आणि शेवटचं, मसाज करताना त्या कोपऱ्यातून कधी चिकट पदार्थ वर आलाय का?

चिऊचीआई
पांढरा भाग स्वच्छ पांढरा. पापणी सुजलेली नाही, फक्त खालच्या पापणीखालची कातडी थोडी लालसर आणि खरबरीत झालीय. खिडकीजवळ नेलं तर टुकूटुकू बघते. बुबुळं दोन्ही सारखी, स्वच्छ. फुगवटा नाही. आणि मसाज करताना कधीच काही वर आलं नाही.

निशिगंध
बरं वाटलं वाचून. शेवटच्या उत्तरातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर दडलंय असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असतं. अश्रू तिथून आत शिरतात, बारीक नळ्यांतून एका छोट्या पिशवीत जमतात आणि पिशवीतून खाली उतरणाऱ्या नलिकेने नाकात जातात. रडल्यावर आपलं नाक वाहतं ते याचमुळे. बाळ पोटात असताना ही नलिका वरून खाली उघडत येते आणि अगदी शेवटचं तोंड, नाकाच्या आत, एका पातळ पडद्याने झाकलेलं असतं. तो पडदा बहुतेकांचा जन्माच्या आसपास फाटतो. काहींचा राहून जातो. पहिले दोन-तीन आठवडे बाळाला अश्रूच फार कमी येतात, म्हणून तोवर काही कळत नाही. अश्रू वाढले की डोळा पाणावायला लागतो. तुमचं तिसऱ्या आठवड्यापासूनचं वर्णन त्यात अगदी बसतं.

आता चिपडं का येतात? मोरीला बोळा बसला की वर पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्याला वास यायला लागतो, तसंच इथे. पिशवीत अश्रू साचून राहतात, त्यात नेहमीचेच जंतू वाढतात, आणि झोपेत पापण्या मिटलेल्या असल्यामुळे तो चिकटा पापण्यांवर वाळतो. डोळ्याला जंतुसंसर्ग झालेला नसतो, म्हणून तर पांढरा भाग पांढरा राहतो. थेंब घातले की साचलेल्यातले जंतू कमी होतात, तीन-चार दिवस छान जातात. पण थेंबांनी बोळा निघत नाही, म्हणून ते थांबले की पुन्हा तेच. यात तुमच्या थेंबांच्या पद्धतीची काहीच चूक नाही.

आणि मसाज. तुम्ही लिहिलंय, ‘नाकाच्या बाजूने वरून खाली बोट फिरवते’. बहुतेक सगळे आईबाबा हेच करतात, कारण नाव ‘मसाज’ आहे. खरं तर कातडी चोळायची नाहीये. पिशवी दाबून तिच्यातलं पाणी खाली पडद्यावर जोराने ढकलायचंय. क्रिग्लर नावाच्या अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञाने १९२३ साली ही पद्धत लिहून ठेवली आणि अजूनही आम्ही तीच शिकवतो. बोट नाकाच्या बाजूवरून नुसतं घसरलं तर पिशवीवर दाब येतच नाही. इतक्या दिवसांत एकदाही चिकटा वर न येणं ही त्याचीच खूण वाटते.

रात्री सविस्तर कृती लिहिते, आत्ता ड्युटीवर आहे.

मंदार_क
मग मी म्हटलं ते बरोबरच ना? आपोआप बरं होतं.

निशिगंध
@मंदार, अर्धं बरोबर आहे. बहुतेकांचं वर्षाच्या आत सुटतं हे खरंच. पण ‘डॉक्टरांकडे जाऊच नका’ हे कुणालाही सांगू नका, कळकळीने विनंती. वाहणारा डोळा म्हणजे दर वेळी बंद नलिका नसते. बाळाच्या डोळ्यात दाब वाढलेला असेल तरी डोळा पाणावतो. अशी बाळं उजेड टाळतात, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसू लागतं आणि तिथे वाट बघण्यात नजर जाते. म्हणून तर मी वर उजेडाचं आणि बुबुळाचं विचारलं. आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात डोळ्यातून भरपूर पू, सुजलेल्या पापण्या असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. बाळंतपणात आईकडून आलेला संसर्ग असू शकतो आणि काही जंतू बुबुळाला फार लवकर इजा करतात. चिऊच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला तो याचसाठी. एकदा नीट निदान झालं की मग तुमचा धीर धरायचा सल्ला योग्यच.

मंदार_क
पटलं. आमच्याही बाळाला तपासूनच सांगितलं होतं, ते लिहायचं राहिलं.

निशिगंध
लिहिते म्हटलं होतं, ते असं.

हात साबणाने धुवा, ज्या बोटाने दाबणार त्याचं नख अगदी कापून गुळगुळीत करा. बाळ दूध पीत असताना किंवा पेंगुळलेलं असताना करणं सगळ्यांत सोपं. रडणाऱ्या बाळाचे डोळे घट्ट मिटलेले असतात, तेव्हा जागा सापडत नाही. डोळा चिकटलेला असेल तर आधी पुसून घ्या.

आता जागा. डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकाचं हाड यांच्या मधल्या खळगीत करंगळीचं किंवा तर्जनीचं टोक ठेवा. हलकेच चाचपलं तर कोपऱ्यातून नाकाकडे जाणारी एक बारीक, ताठ दोरीसारखी रेघ लागते. पिशवी त्या दोरीच्या मागे आणि जरा खाली, हाडाच्या खाचेत असते. बोट डोळ्याच्या बुबुळावर जाता कामा नये आणि नाकाच्या फुगीर भागावरही नको. दोन्हींच्या मधोमध.

तिथे आधी आत दाबायचं, हाडाकडे. याने वरचा रस्ता बंद होतो. मग दाब न सोडता, कातडीवरून बोट न घसरवता, बोटाचं टोक खाली वळवायचं, साधारण एक सेंटीमीटर. एवढीच हालचाल. मग सोडा आणि पुन्हा. एका वेळी पाच ते दहा दाब, दिवसातून तीन-चार वेळा. किती जोर? तुमच्या नखाखालचा गुलाबीपणा फिका पडेल इतका. फुलासारखं हलकं दाबून काही होत नाही. बाळ थोडं कुरकुरेल, ते चालतं. पण कळवळून रडलं तर थांबा आणि जागा बघा.

तेल, क्रीम काही नको. बोट घसरलं की दाब गेला.

सुलभाकाकू
निशिगंध, माझं दुधाचं राहिलं. इतकी वर्षं आम्ही करत आलो ते चूक का?

निशिगंध
काकू, तुमच्या नातवंडांचे डोळे बरे झाले यात शंका नाही. पण मंदारच्या बाळाचे काहीच न करता बरे झाले, हेही तितकंच खरं. दुधात संरक्षक घटक असतात हे तुमचं बरोबर. पण त्यात साखर आणि स्निग्धांशही असतो, ते कातडीवरचे जंतू घेऊन येतं, आणि आधीच तुंबलेल्या पिशवीत ते जाऊन साचणार. शिवाय पडदा काही दुधाने फाटत नाही. चिऊच्या आईच्या सासूबाईंना दुखवायचं नसेल तर डोळे पुसण्याचं काम त्यांच्याकडे द्या. त्यात खरी मदत होईल.

सुलभाकाकू
पटतंय. पुसायचं कसं तेही नीट सांग. आम्ही ओल्या कापसाने पुसायचो.

निशिगंध
पाणी उकळून झाकून थंड करा, रोजचं रोज ताजं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, कोमट चालेल, गरम नको. मीठ घालू नका, घरी प्रमाण चुकतं आणि डोळा चुरचुरतो. कापसाचे तंतू पापणीच्या केसांत अडकतात, म्हणून गॉज किंवा उकळून वाळवलेल्या मऊ कापडाचे छोटे तुकडे घ्या. वाळलेलं चिपड खरवडायचं नाही. ओला तुकडा मिटलेल्या डोळ्यावर मिनिटभर ठेवा, ते भिजून सुटतं. मग नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे एकदा पुसा आणि तो तुकडा टाका. पुन्हा पुसायचं तर नवा तुकडा. स्वच्छ डोळा आधी, चिकट डोळा नंतर.

खालची कातडी लाल झालीय ती सततच्या ओलाव्याने. टिपून कोरडी ठेवा, आणि झोपताना पापणीखाली, डोळ्यापासून दूर, साध्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावा. मसाजच्या आधी मात्र ती पुसून टाका.

आभाळ
वाचते आहे म्हणून माझंही लिहिते, कारण आमचं इतकं सरळ झालं नाही. मुलगा पाच महिन्यांचा असताना एका सकाळी डोळ्याच्या कोपऱ्याखाली हरभऱ्याएवढा लाल, टणक फुगवटा दिसला. मला वाटलं चिकटा जास्त साचलाय. म्हणून मी जोराने मसाज केला, दोनदा. तो किंचाळला. संध्याकाळपर्यंत खालची पापणी सुजली, अंगात ताप. रात्री दवाखान्यात दाखल केलं, पिशवीतच संसर्ग झाला होता. शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं, चार दिवस होतो. मला त्या दोन मसाजांचं अजूनही वाईट वाटतं. कुणी मला आधी सांगितलं असतं की लाल फुगवटा असेल तर हात लावायचा नाही, तर बरं झालं असतं.

निशिगंध
@आभाळ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तो संसर्ग तुमच्या मसाजने झाला नाही, तो सकाळीच होता. पण तुमचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवावा: फुगवटा लाल, गरम, दुखरा असेल तर मसाज बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. पापणी सुजून डोळा उघडेनासा झाला, ताप आला, बाळ दूध पिईना, तर रात्र काढू नका. थेट रुग्णालय.

अजून एक वेगळी गोष्ट. जन्मतःच किंवा पहिल्या काही दिवसांत त्याच जागी निळसर फुगवटा असेल तर पिशवी वरून आणि खालून दोन्हीकडे बंद असते आणि कधी तिचं टोक नाकात फुगून बसतं. नवजात बाळ नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे दूध पिताना दम लागू शकतो. ते घरी सांभाळायचं नाही.

पारिजात
मी वर उगाच घाबरवलं, माफ करा. एक विचारते, सर्दी झाली की चिऊसारख्या बाळांना जास्त त्रास होतो का? माझ्या बहिणीच्या बाळाचा डोळा बरा झाला होता आणि सर्दीत परत वाहायला लागला.

निशिगंध
हो. नलिका नाकातच उघडते, त्यामुळे नाकाचं अस्तर सुजलं की अरुंद तोंड आणखी अरुंद होतं. सर्दी गेली की बहुधा डोळाही पूर्ववत होतो. गार वाऱ्यातही जास्त पाणी येतं. आणि तुम्ही माफी मागायची गरज नाही, डोळे येण्याशीच याची सगळ्यांत जास्त गल्लत होते. पांढरा भाग लाल झाला, दुसऱ्या डोळ्यातही सुरू झालं, घरात कुणाला लागण झाली, तर तुमचाच सल्ला लागू.

चिऊचीआई
चार दिवस तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. पहिल्या दिवशी जागाच सापडली नाही. दुसऱ्या दिवशी ती दोरी बोटाला लागली आणि दाबल्याबरोबर कोपऱ्यातून पिवळा घट्ट चिकटा बाहेर आला, बराच. माझे हातपायच गळाले. नवऱ्याला वाटलं आत काहीतरी फुटलं. काल पण आला, आज जरा पातळ. वाढलंय का हे? थांबवू का?

निशिगंध
थांबवू नका. पिशवी रिकामी होतेय, म्हणजे बोट अखेर बरोबर जागी पडलं. इतके दिवस आत साचलेलं बाहेर येतंय. पिशवी रिकामी राहिली की जंतूंना वाढायला काही उरत नाही, म्हणून नलिका न उघडताही सकाळचा चिकटा कमी होईल. वर आलेला चिकटा लगेच पुसा, डोळ्यावर तसाच ठेवू नका. डॉक्टरांनी पुन्हा कधी थेंब दिले तर ते मसाजनंतर घाला, भरलेल्या पिशवीत थेंबाला जागाच नसते. आणि घरात उरलेले, दुसऱ्या कुणाचे थेंब वापरू नका. काही थेंबांमध्ये स्टिरॉइड असतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाळाच्या डोळ्यात जाता कामा नये.

फक्त एक करा. दाबायची जागा तुमच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी करून दाखवा. ‘दाखवा’ म्हणू नका, ‘मी करते, तुम्ही बघा’ म्हणा.

मंदार_क
एक शंका. आपोआपच सुटणार असेल तर मसाजने खरंच फरक पडतो का? मी वाद घालत नाहीये, मनापासून विचारतोय.

निशिगंध
प्रश्न योग्य आहे, आणि आमच्यातही यावर एकमत नाही. बहुतेकांचं नुसतं थांबूनही सुटतं, त्यामुळे मसाजचं श्रेय किती आणि वयाचं किती हे एका बाळावरून कधीच सांगता येत नाही. मी मसाज सांगते, कारण नीट केला तर अपाय नाही आणि पिशवी रिकामी राहिल्याने रोजचा चिकटा घटतो. नलिका त्यानेच उघडते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आभाळ
मग सुई घालून उघडायचं, त्याचं वय कोणतं? आमचं तेराव्या महिन्यात झालं, पूर्ण भूल देऊन. दहा मिनिटांचं काम होतं, त्याच दिवशी घरी आलो, आठवड्यात डोळा कोरडा. माझ्या मैत्रिणीच्या बाळाचं मात्र सात महिन्यांचं असताना भूल न देता, फक्त डोळ्यात सुन्न करणारे थेंब घालून, कापडात गुंडाळून धरून केलं. दोन डॉक्टर, दोन मतं. आम्ही फार गोंधळलो होतो.

निशिगंध
दोन्ही मतं जगभर आहेत. लवकर करणारे म्हणतात, बाळ लहान असताना भूल लागत नाही आणि महिनोन्‌महिने चिकटा सोसावा लागत नाही. थांबणारे म्हणतात, जे स्वतःहून सुटणार होतं त्यासाठी बाळाला धरून का ठेवायचं. अमेरिकेत एका डोळ्याची तक्रार असलेल्या, सहा ते दहा महिन्यांच्या बाळांवर यासाठीच अभ्यास झाला होता. ज्यांना थांबवून मसाज दिला, त्यातल्या साधारण तिघांपैकी दोघांचं पुढच्या सहा महिन्यांत सुटलं. म्हणजे सहा महिन्यांनंतरही आशा पुष्कळ, पण दहात नऊ नव्हे, कारण सहज सुटणारी बाळं तोवर सुटून गेलेली असतात. मी स्वतः थांबणाऱ्यांपैकी. पण वारंवार पिशवीत संसर्ग होत असेल, आभाळच्या बाळासारखं, तर मीसुद्धा वर्षाची वाट बघत बसणार नाही.

आणि ती सुई टोचायची नसते. बोथट टोकाची बारीक तार असते, ती पापणीच्या छिद्रातून नलिकेत सरकवून तो पडदा उघडतात. एकदा केल्यावर बहुतेकांचं काम होतं, काहींना पुन्हा करावं लागतं किंवा काही काळ सिलिकॉनची नळी ठेवावी लागते.

चिऊचीआई
बऱ्याच दिवसांनी आले. चिऊ आता सात महिन्यांची. सकाळचा चिकटा पाचव्या महिन्यापासून जवळपास गेलाय, एकदाही थेंब लागले नाहीत. पापणीखालची कातडी जेलीने पंधरवड्यात बरी झाली. पुसण्याचं काम सासूबाईंनी मागून घेतलं, त्या तुकडे कापून, उकळून डब्यात भरून ठेवतात. मधे सर्दी झाली तेव्हा आठवडाभर पुन्हा चिकटा आला आणि गेला.

तुम्ही सांगितलं तसं डॉक्टरांसमोर स्वतः दाबून दाखवलं. म्हणाल्या जागा बरोबर, पण दाब खाली वळवताना मी लवकर सोडते. ते सुधारलं.

पण डोळा अजून ओला राहतो, वाऱ्यात जास्त. परवा दोन्ही डोळ्यांत पिवळ्या रंगाचा थेंब घालून पाच मिनिटांनी निळ्या उजेडात बघितलं. उजव्यातला रंग पूर्ण गेला होता, डाव्यात खालच्या पापणीवर एक बारीक रेघ उरली होती. म्हणाल्या पूर्वीपेक्षा कमी, पण अजून निचरा पूर्ण नाही. वर्षापर्यंत थांबू म्हणतात. नवऱ्याला वाटतं आत्ताच, भूल न देता करून टाकावं. माझं मन थांबायला तयार आहे, पण रोज चार वेळा करून आता ती माझं बोट दिसलं की मान फिरवते. कमी केलं तर चालेल का?

निशिगंध
चालेल. चिकटा नाही, पिशवी रिकामी आहे, तेव्हा दोनदा पुरे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपल्यावर करा. गाढ झोपेत मान फिरवणार नाही. चिकटा परत आला तर पुन्हा चारदा. नवऱ्याचा प्रश्न मात्र तुमच्या डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून काढा. सात महिन्यांच्या बाळाला धरून ठेवणं तीन महिन्यांच्यापेक्षा बरंच अवघड असतं, आणि त्यांच्याकडे भूल न देता कुणी करतं का यावरही बरंच अवलंबून आहे.

आभाळ
चिऊची आई, झोपेत करताना खोलीत मंद दिवा असू द्या. अंधारात मी एकदा चुकून पापणीवरच दाबलं होतं.

चिऊचीआई
हो, कालपासून दिवा ठेवूनच करतेय. आज सकाळी डोळा उघडला तेव्हा कोपऱ्यात फक्त पाण्याचा एक थेंब होता. वर्षाची झाली की रंगाचा थेंब पुन्हा घालून बघणार आहेत, तेव्हा येऊन लिहीन.